स्टडी प्लॅन शेवटच्या सत्रापासून मागे लिहा

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. सिव्हिल इंजिनिअर, नागपुरातल्याच कॉलेजची. दोन वर्षं एका सल्लागार कार्यालयात नाल्यांच्या सर्वेक्षणाचं काम केलेली. जर्मनीत पाण्याच्या अभियांत्रिकीचं दोन वर्षांचं मास्टर्स करायचं आणि खर्च शिष्यवृत्तीतून भागवायचा, असा तिचा बेत होता. अर्जातला बाकी भाग नीट होता, पण स्टडी प्लॅन असा होता: पहिल्या सत्रात मूलभूत विषय शिकेन, दुसऱ्यात प्रगत विषय, तिसऱ्यात इंटर्नशिप, चौथ्यात थीसिस, त्यातून आंतरराष्ट्रीय नियतकालिकात शोधनिबंध आणि नागपूरच्या पुरावर कायमचा उपाय.

"ताई, चारदा लिहून झालं. तरी काहून कच्चं वाटतं?" असं तिने विचारलं.

कच्चं वाटत होतं, कारण विषयाचं नाव बदललं तर तोच प्लॅन यंत्र अभियांत्रिकीलाही चालला असता. निवड समितीला या भागातून दोनच गोष्टी कळून घ्यायच्या असतात: दिलेल्या मुदतीत ही व्यक्ती पदवी पूर्ण करेल का, आणि आपण कुठे, काय शिकायला चाललो आहोत हे तिला ठाऊक आहे का. आम्ही तीन आठवडे बसून तो प्लॅन नव्याने लिहिला. पायऱ्या त्याच क्रमाने सांगते. उदाहरण जर्मनीचं आणि पाण्याचं आहे, पण कामाची रीत दुसऱ्या विषयालाही लागू पडते.

आधी मॉड्यूल हँडबुक उघडा

बहुतेक जर्मन अभ्यासक्रमांच्या पानावर मॉड्यूल हँडबुक नावाची पीडीएफ असते. बहुतेक अर्जदार ती उघडतच नाहीत आणि माहितीपत्रकातली विषयांची यादी उतरवून काढतात. या फाईलमध्ये प्रत्येक विषयाला एक-दोन पानं दिलेली असतात. त्यातल्या पाच ओळी वहीत उतरवा: क्रेडिट किती, विषय हिवाळी सत्रात शिकवतात की उन्हाळी, आधी कोणता विषय झालेला हवा, शिकवण्याची भाषा कोणती, आणि परीक्षा लेखी, तोंडी की प्रकल्पाची.

जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं असतं. वर्ग मात्र बहुतेक विद्यापीठांत ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत चालतात. अनेक विषय वर्षातून एकदाच असतात. आपल्याकडे सत्राचे विषय विद्यापीठ ठरवून देतं, म्हणून ही अडचण आपल्या लक्षातच येत नाही. तिथे ते कोडं विद्यार्थ्याला स्वतः सोडवावं लागतं.

तिच्या बाबतीत ते असं निघालं. नदीतल्या प्रवाहाचं संगणकीय मॉडेल कसं करायचं हा तिचा कळीचा विषय. तो फक्त हिवाळी सत्रात होता, आणि त्याआधी जलविज्ञानाचा विषय झालेला हवा होता. जलविज्ञानही हिवाळीच. म्हणजे जलविज्ञान पहिल्या सत्रात, मॉडेलिंग तिसऱ्यात, आणि मॉडेलवर उभा राहणारा थीसिस चौथ्यात. दुसरा रस्ताच नव्हता. तिच्या जुन्या मसुद्यात मॉडेलिंग दुसऱ्या सत्रात टाकलेलं होतं. त्या विभागातल्या प्राध्यापकाने ती ओळ वाचली असती तर हँडबुक न वाचता अर्ज केला आहे हे तिथेच उघड झालं असतं. आणखी एक विषय तिने आवडला म्हणून घेतला होता, तो जर्मन भाषेत शिकवला जात होता. तो काढला.

मग थेट थीसिसवर जा

आता क्रम उलटा करा. चौथं सत्र आधी लिहा. थीसिसला काय काय हाताशी लागेल ते ठरलं की तिसऱ्या सत्राचे विषय ठरतात, त्यावरून दुसऱ्याचे, आणि त्यावरून पहिल्याचे. असं मागे मागे येत लिहिलेल्या प्लॅनमध्ये प्रत्येक विषयाला कारण असतं. पुढे पुढे जात लिहिलं की शेवटच्या सत्राला उरलेली स्वप्नं येऊन मिळतात.

तिचा प्रश्न आला होता २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेतून. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट भागातली माणसं त्या पहाटेबद्दल अजूनही बोलतात. तिचे मामा त्याच भागात राहतात. म्हणून तिने थीसिसचं नाव लिहिलं होतं: "नागपूर शहराचे पूर व्यवस्थापन." भावना खरी होती. पण सहा महिन्यांत एका विद्यार्थिनीच्या हातून होणारं ते काम नाही.

प्रश्न लहान करायची माझी एक पद्धत आहे. प्रश्न लिहायचा आणि त्याच्यासमोर लिहायचं, याला कोणती माहिती लागेल, ती कोणाकडे आहे आणि ती मला कशी मिळेल. तिने लिहिलं होतं की उपग्रहाच्या रडार प्रतिमांवरून पुराचा नकाशा करीन. प्रस्तावात ही ओळ छान दिसते, म्हणून बरेच जण ती टाकतात. पण अशा कामाला सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेंटिनेल-१ मालिकेतला २०२३ मध्ये एकच उपग्रह चालू होता आणि तोच भाग तो साधारण बारा दिवसांनी पुन्हा टिपायचा. अंबाझरीचं पाणी काही तासांत चढलं आणि उतरलं. नेमक्या त्या वेळी उपग्रह वर असेल या भरवशावर थीसिस उभा राहत नाही. शिवाय घरांच्या दाटीत रडारला साचलेलं पाणी ओळखणं मुळातच अवघड जातं.

दुसरी अडचण जमिनीच्या उंचीची. फुकट मिळणाऱ्या जागतिक उंची-नकाशांची जाळी साधारण तीस मीटरची असते. नाग नदीचा वरचा भाग पाहिलेल्या माणसाला सांगायला नको की तीस मीटरच्या एका चौकोनात नदी, तिची भिंत आणि शेजारचा रस्ता सगळंच मावतं. त्या नकाशावर मॉडेल चालवलं तर संगणक पाणी भलतीकडेच नेतो. प्रत्यक्ष मोजलेले नदीचे आडवे छेद लागतात, आणि पुलाखालची मोकळी जागाही मोजलेली लागते.

इथे तिची दोन वर्षांची नोकरी कामी आली. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून असे छेद तिने स्वतः घेतले होते. पण ती मोजणी कार्यालयाच्या मालकीची. "माझ्याकडे डेटा आहे" असं अर्जात लिहिणं चूक ठरलं असतं. तिने वरिष्ठांकडे लेखी परवानगी मागितली आणि प्लॅनमध्ये "परवानगी मागितली आहे" एवढंच लिहिलं. न मिळाल्यास काय, हेही एका वाक्यात लिहिलं: तीच पद्धत जर्मनीतल्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यातल्या एखाद्या लहान नदीवर वापरेन, कारण त्या राज्याचा एक मीटर जाळीचा उंची-नकाशा सर्वांना विनाशुल्क उपलब्ध आहे. असा पर्यायी मार्ग लिहिल्याने प्लॅन कमकुवत होत नाही. विद्यार्थ्याचा थीसिस डेटाअभावी अडकलेला प्राध्यापकांनी पाहिलेला असतो. ती वेळ आली तर काय करायचं हे अर्जदाराने आधीच ठरवलं आहे, हे त्यांना दिसतं.

शेवटी उरलेला प्रश्न असा: अंबाझरीच्या सांडव्याखालच्या नाग नदीच्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये कोणते पूल पाणी अडवतात, आणि त्यातल्या एखाद्याची मोकळी जागा वाढवली तर वरच्या वस्तीतली पाण्याची पातळी किती उतरते? मॉडेलसाठी हेक-रास हे नदीच्या प्रवाहाचं सॉफ्टवेअर, जे विनाशुल्क मिळतं. सहा महिन्यांत याचं उत्तर निघू शकतं. आणि उत्तर "फार फरक पडत नाही" असं आलं तरी थीसिस पूर्ण होतो. प्रश्न निवडताना हे जरूर तपासा. हवं तेच उत्तर आलं तरच पूर्ण होईल असा प्रश्न घेऊ नका.

आता सत्रं भरा

दोन वर्षांच्या जर्मन मास्टर्सला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे सत्राला सरासरी ३०. तिथे एक क्रेडिट म्हणजे वर्ग, घरचा अभ्यास आणि परीक्षेची तयारी धरून २५ ते ३० तासांचं काम. ३० क्रेडिटचं एक सत्र जवळपास नऊशे तासांचं होतं. हा गुणाकार एकदा केला की पहिल्याच सत्रात सहा विषय, जर्मन भाषेचा वर्ग, आठवड्याला वीस तासांची नोकरी आणि शोधनिबंध असं कोणी लिहिणार नाही.

तिने वाटणी २७, ३३, ३० आणि ३० अशी केली. पहिल्या सत्रात कमी, कारण व्हिसाला उशीर होऊ शकतो, राहण्याची नोंदणी, विमा, बँक यांत पहिले काही आठवडे जातात, आणि परीक्षेची पद्धतही नवी असते. मात्र काही शिष्यवृत्त्या दर सत्राला किंवा दर वर्षाला किमान क्रेडिट मागतात. अशी अट आहे का, हे नियमांत पाहूनच वाटणी करा. पहिल्या सत्रासाठी तिने जलविज्ञान, सांख्यिकी आणि भूजल हे विषय ठेवले. भूजल सक्तीचं होतं. तिच्या थीसिसशी त्याचा थेट संबंध नाही आणि तो ओढूनताणून जोडायची गरजही नाही; "सक्तीचा विषय" एवढं पुरतं. एक छोटी सूचना: "पहिल्या सत्रात ९० टक्के मिळवीन" असं लिहू नका. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची रेषा. टक्के लिहिले की तिथली पद्धत पाहिलेली नाही हे दिसतं.

दुसऱ्या, म्हणजे उन्हाळी सत्रात शहरी जलनिस्सारण, जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र, आणि एक छोटा प्रकल्प. पण सगळ्या प्लॅनमधली सर्वांत कामाची गोष्ट या सत्राच्या शेवटी दडलेली होती. वर्ग जुलैत संपतात आणि पुढचे ऑक्टोबरात सुरू होतात. आपला पावसाळा जून ते सप्टेंबर. थीसिसचं सत्र एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे थीसिस सुरू असताना नागपूरच्या पावसाची वाट पाहिली तर आकडे ऑगस्टमध्ये मिळणार आणि सप्टेंबरअखेर थीसिस द्यायचा. ते जमत नाही. पुलांजवळ पाण्याची पातळी मोजायला तिला एकच पावसाळा मिळतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राच्या मधला. तिने लिहिलं: ऑगस्टच्या सुरुवातीला परीक्षा संपल्यावर चार आठवडे नागपुरात, तीन पुलांवर पातळीची मोजणी. सोबत दोन ओळी: प्रवासखर्च स्वतःचा, आणि देशाबाहेर जाण्याआधी शिष्यवृत्ती संस्थेची परवानगी घेईन. ही परवानगी बऱ्याच योजनांत लागते, आणि गैरहजेरीच्या काळात विद्यावेतन थांबूही शकतं. नियम वाचूनच लिहा.

मोजणीचा विषय निघाला म्हणून मी तिला म्हटलं की २०२३ च्या पाण्याच्या खुणा तोवर राहायच्या नाहीत. लोक भिंती रंगवतात, घरं बदलतात. "मग मी आत्ताच जाते ना," ती म्हणाली. पुढच्या दोन रविवारी मामांना सोबत घेऊन ती घरोघर फिरली, पाणी कुठवर आलं होतं ते लोकांना दाखवायला सांगितलं, रस्त्यापासून त्याची उंची टेपने मोजली आणि जागा नोंदवल्या. बावीस खुणा मिळाल्या. पुढे मॉडेल बरोबर चाललं आहे का हे ताडायला याहून चांगला पुरावा नाही. प्लॅनमध्ये हे पहिल्या सत्राच्या आधी "निघण्यापूर्वीची तयारी" म्हणून एका ओळीत आलं. माझ्या मते त्या दोन पानांतली सर्वांत वजनदार ओळ तीच, कारण तिच्यातलं क्रियापद भूतकाळी होतं.

तिसऱ्या सत्रात मॉडेलिंगचा विषय आणि दोन ऐच्छिक. या सत्राचं खरं काम मार्गदर्शक मिळवणं. नोव्हेंबरात विभागातल्या दोन प्राध्यापकांना भेटणं, जानेवारीअखेर चार पानांचा प्रस्ताव देणं, मार्चपर्यंत थीसिसची नोंदणी. अर्जात प्राध्यापकांची नावं लिहायची असतील तर त्यांचं सध्याचं संशोधन पाहून लिहा. "यांच्याच हाताखाली काम करीन" असं लिहू नका. "यांच्या गटाचं काम माझ्या प्रश्नाशी जुळतं, त्यांच्याकडे विचारणा करेन" इतपत म्हणा. इंटर्नशिप तिने काढून टाकली, कारण हँडबुकात ती सक्तीची नव्हती आणि तिच्यासाठी मोकळा काळ उरलाच नव्हता.

चौथ्या सत्राला महिने लिहिले. एप्रिलमध्ये मॉडेलची मांडणी, मे महिन्यात त्या बावीस खुणांशी आणि मोजलेल्या पातळ्यांशी ताळा, जूनमध्ये पुलांचे पर्याय चालवून पाहणं, जुलै-ऑगस्ट लेखन, सप्टेंबरच्या मध्याला सादर. शेवटचे दोन आठवडे मुद्दाम रिकामे ठेवले. ताळा पहिल्या खेपेला कधीच जुळत नाही, आणि शिष्यवृत्ती ३० सप्टेंबरला संपत असेल तर पुढच्या महिन्याचं भाडं स्वतःला भरावं लागतं.

अपेक्षित निष्पत्ती कशी लिहायची

निष्पत्ती म्हणजे सत्र संपल्यावर दुसऱ्याला दाखवता येईल अशी गोष्ट. "ज्ञान वाढेल", "दृष्टिकोन विस्तारेल" हे दाखवता येत नाही. दर सत्राला एक, फार तर दोन निष्पत्ती पुरतात. तिच्या प्लॅनमधले दोन नमुने देते. अर्जात ते इंग्रजीत गेले.

आधी होतं: "दुसऱ्या सत्रात मला जीआयएसचं सखोल ज्ञान मिळेल." नंतर झालं: "दुसऱ्या सत्राच्या शेवटी अंबाझरी सांडव्याखालच्या भागाचा, पूल आणि मोजलेले छेद दाखवणारा नकाशा तयार असेल, तिसऱ्या सत्रातल्या मॉडेलसाठी तोच वापरेन."

आधी होतं: "माझ्या संशोधनामुळे नागपूर पुरापासून मुक्त होईल." नंतर झालं: "थीसिसमधून अभ्यासलेल्या पुलांची, पाणी अडवण्याच्या क्रमाने यादी मिळेल. मॉडेल आणि दहा पानांचा मराठी सारांश मी महानगरपालिकेला देईन. तलावाच्या सांडव्याची सुरक्षितता हा या अभ्यासाचा भाग नाही."

ते शेवटचं वाक्य घालायला ती तयार नव्हती. आपणच आपलं काम लहान दाखवतो असं तिला वाटत होतं. पण सांडव्याचा प्रश्न धरणाच्या अभियांत्रिकीचा आहे, त्याला वेगळी माहिती आणि वेगळा अधिकार लागतो. कामाची हद्द कुठे संपते हे लिहिलं की उरलेल्या वाक्यांवरही वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. शोधनिबंधाबद्दल "प्रसिद्ध होईल" असं लिहू नका, ते तुमच्या हातात नसतं. "मसुदा तयार करून मार्गदर्शकांना दाखवेन" हे हातात असतं.

परतल्यावर काय, हा प्रश्न काही योजनांत वेगळा असतो आणि काहींत याच भागात येतो. तिथेही तोच नियम. तिने पदाचं नाव न लिहिता काम लिहिलं: शहरी नाल्यांचे आराखडे करणाऱ्या कार्यालयात परत जाऊन पुलांच्या आराखड्याआधी असं मॉडेल करण्याची पद्धत सुरू करणं.

योजना वेगळी असेल तर

कोरिया सरकारच्या शिष्यवृत्तीत मास्टर्सच्या आधी साधारण एक वर्ष कोरियन भाषेचं असतं, तेव्हा प्लॅन तीन वर्षांचा होतो आणि भाषेच्या वर्षालाही टप्पे द्यावे लागतात. जपान सरकारच्या संशोधन विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेत विषयांपेक्षा संशोधनाच्या आराखड्यावर भर असतो, म्हणजे वरचा थीसिसचा भाग मोठा आणि विषयांचा लहान करायचा. इरॅस्मस मुंडस या युरोपातल्या संयुक्त मास्टर्सच्या योजनेत सत्रागणिक देश आणि विद्यापीठ बदलू शकतं. तिथे कोणत्या सत्रात कोणत्या शहरात असाल हे आधी मांडा आणि मगच मोजणीचे, प्रवासाचे बेत ठरवा. ब्रिटनचं एक वर्षाचं मास्टर्स असेल तर मधला पावसाळा मिळतच नाही. तिथे माहिती निघण्यापूर्वीच गोळा करावी लागते, नाहीतर तयार माहितीवर चालणारा प्रश्न घ्यावा लागतो.

पाठवण्यापूर्वी

प्लॅन छापून घ्या आणि तीन रंगांची पेनं घ्या. हँडबुकातून पडताळलेल्या गोष्टी हिरव्याने अधोरेखित करा, दुसऱ्याच्या होकारावर अवलंबून असलेल्या निळ्याने, आणि ज्यांना काहीच आधार नाही त्या लाल रंगाने. प्रत्येक निळ्या गोष्टीला "नाही झालं तर" असं एखादं वाक्य हवं. लाल वाक्यं काढा. तिच्या शेवटच्या मसुद्यात लाल दोनच उरली होती, दोन्ही पहिल्या परिच्छेदात, आणि दोन्ही तिला सर्वांत आवडणारी होती. ती गेली आणि प्लॅन शब्दमर्यादेत बसला.

मग अभ्यासक्रमाच्या समन्वयकांना चार ओळींची ईमेल करा: मी अमुक वर्षी येण्यासाठी अर्ज करते आहे, हा विषय त्या वर्षी हिवाळी सत्रातच असेल का? हँडबुक जुनं असू शकतं. तिला पाच दिवसांनी उत्तर आलं की मॉडेलिंग हिवाळीतच आहे, पण जीआयएसचा विषय आता पहिल्या सत्रात हलवला आहे. तिने जीआयएस वर आणलं, सांख्यिकी दुसऱ्या सत्रात नेली, नकाशाची निष्पत्ती पहिल्या सत्राखाली लिहिली आणि क्रेडिटची बेरीज पुन्हा करून पाहिली. १२० आली. त्याच संध्याकाळी तिने अर्ज पाठवला.